काट्यावरची चरबी रोज बघू नकोस

उपवन तलावाला फेऱ्या मारून आलास, चरबीचे टक्के दाखवणाऱ्या वजनकाट्यावर उभा राहिलास आणि सकाळची २८ टक्के चरबी संध्याकाळी २५ दिसली, म्हणून खूश झालास. जरा हिशोब कर. तुझं वजन ७२ किलो. २८ टक्के म्हणजे सुमारे २०.२ किलो चरबी, २५ टक्के म्हणजे १८. एका दिवसात दोन किलो चरबी जात नाही रे.

काटा चरबी मोजतच नाही. तळव्यांतून अगदी बारीक वीजप्रवाह सोडून तो शरीरात त्या प्रवाहाला होणारा अडथळा मोजतो आणि तुझी उंची, वय, लिंग, वजन सूत्रात घालून चरबीचा अंदाज बांधतो. प्रवाह मुख्यतः एका पायातून वर जाऊन दुसऱ्यातून उतरतो, त्यामुळे पोटाचा घेर त्याला नीट कळत नाही. व्यायामानंतर त्वचा गरम, तळवे घामेजलेले, रक्तप्रवाह वाढलेला. अडथळा घटतो आणि चरबी कमी दिसते. उलट शरीरात पाणी कमी असलं की ती जास्त दिसते.

म्हणून सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, कोरड्या अनवाणी पायांनी मोज. काटा रोज त्याच लादीवर ठेव. काट्याच्या ॲपमधला ‘Athlete’ मोड मध्येच बदलू नकोस. सूत्र बदललं की आकडा उडी मारतो.

आठवड्याची सरासरी काढ आणि चार-सहा आठवड्यांच्या सरासऱ्या शेजारी ठेव. सोबत बेंबीपाशी टेपने कंबर मोज. टक्के घसरतायत पण कंबर आणि वजन जागच्या जागी असेल, तर मी कंबरेवर विश्वास ठेवेन.