नजरेचा माग की नजरेवर पाळत?

प्रश्न : न्यूरोमार्केटिंगवर, म्हणजे गिऱ्हाइकाचे डोळे आणि मेंदू तपासून त्याची आवड ओळखण्याच्या तंत्रावर लेख लिहितोय. ‘आय ट्रॅकिंग’ला मी ‘नेत्रपाळत’ लिहिलं, संपादक ‘दृष्टिमागोवा’ सुचवतात. कोणता बरोबर? आणि ब्रेन इमेजिंगला ‘मेंदूवाचन’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : मी ‘नजरेचा माग’ लिहीन. ‘दृष्टी’ हा शब्द आता बराचसा दृष्टिकोनाकडे झुकलाय आणि ‘मागोवा’ म्हटलं की डिसेंबरातला ‘सरत्या वर्षाचा मागोवा’ आठवतो. दोन्ही जोडले तर एखाद्या परिसंवादाचं नाव वाटेल. ‘पाळत’ मात्र इतकी सहज सोडून देण्यासारखी नाही, तिच्याकडे शेवटी येतो.

माग पावलांचा असतो. माणूस पुढे गेलेला असतो, आपल्याला उरलेल्या खुणा दिसतात. आय ट्रॅकिंगचं यंत्रही अगदी तसंच काम करतं. पडद्याखालच्या पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतात. त्याचा एक ठिपका बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर चकाकतो. तो ठिपका आणि बाहुलीचा मध्य यांतल्या अंतरावरून नजर कुठे आहे याचं गणित होतं. स्थिर चित्र बघताना नजर सरकत नाही, ती उड्या मारते. एका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबते, मग पुढची उडी. उडी चालू असताना आपल्याला जवळपास काहीच दिसत नाही. फ्रेंच लोक या उडीला ‘सकाद’ म्हणतात, म्हणजे हिसका. थांबण्यासाठी आपल्याकडे शब्द तयारच आहे : नजर *ठरणे*. ‘झगमगाटात नजर ठरत नाही’ म्हणतो ना आपण, तेच. लेखात मी तरी ‘मुक्काम’ आणि ‘उडी’ वापरून मोकळा होईन.

यातली गोम मला दोन वर्षांपूर्वी बाणेरच्या एका ऑफिसात कळली. त्यांच्या संमतीपत्राचं मराठी मी केलं होतं, म्हणून चाचणी बघायला बसवलं. पडद्यावर मसाल्याच्या पाकिटाचं चित्र. समोर शनिवार पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका. आधी पडद्यावरच्या ९ ठिपक्यांकडे एकामागून एक बघायला लावलं, म्हणजे यंत्राला त्यांच्या डोळ्यांची ओळख पटते. चष्म्याच्या काचेवर प्रकाश चकाकत होता, त्यामुळे हे तीनदा करावं लागलं. मग २० सेकंद पाकीट. नंतर रंगीत नकाशा आला : जिथे मुक्काम जास्त तिथे लाल, कमी तिथे हिरवा. सगळ्यात लालभडक डाग होता कोपऱ्यातल्या बारीक मजकुरावर, जिथे घटकपदार्थ छापले होते. टेबलाशी बसलेला मुलगा खूष. ‘घटकांमध्ये जबरदस्त इंटरेस्ट आहे काकूंना!’

काकूंना नकाशा दाखवला तर त्या म्हणाल्या, ‘अहो, कसला इंटरेस्ट! मला ती अक्षरंच लागत नव्हती.’

‘अक्षर लागणे’ हा वाक्प्रचार तिथे कुणाच्या कोष्टकात नव्हता. नजर दोन कारणांनी अडकते, गोडीनं आणि अडचणीनं, आणि यंत्राला दोन्ही सारखीच दिसतात. ‘लक्ष गेलं’, ‘लक्ष लागलं’ आणि ‘लक्ष दिलं’ यांत मराठी जो फरक करते, तो लाल रंगात उरत नाही. म्हणून चाचणीनंतर माणसाशी बोलावंच लागतं. शिवाय सूचना बदलली की मागही बदलतो. रशियन संशोधक यार्बुस यांनी एकाच माणसाला एकच चित्र वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवलं. ‘यांचं वय काय असेल?’ विचारल्यावर नजर चेहऱ्यांवर गेली, ‘कपडे लक्षात ठेवा’ म्हटल्यावर ती कपड्यांवर फिरली. त्यामुळे ‘नुसतं बघा’ आणि ‘यातलं विकत काय घ्याल?’ या सूचनांचे नकाशे शेजारी ठेवून तुलना करणं फसवं ठरतं.

आणखी एक मर्यादा, सोपी पण विसरली जाणारी. यंत्राची चूक १ अंशाची धरली, तर ६० सेंटिमीटरवरच्या पडद्यावर ती साधारण १ सेंटिमीटर होते. किंमत आणि वजन पाकिटावर त्याहून जवळ छापलेलं असेल, तर नजर कशावर होती हे ठामपणे सांगता येत नाही. काकू मध्येच खुर्चीत रेलल्या तेव्हा सगळा माग बोटभर खाली घसरला होता. चाचणी संपल्यावर पुन्हा एखाद्या ठिपक्याकडे बघायला लावलं की ही घसरण पकडता येते. त्या दिवशी कुणी लावलं नाही.

आता ‘मेंदूवाचन’. हा शब्द नको. वाचायला लिपी लागते, आणि इथे ती नाही. ब्रेन इमेजिंगचं एफएमआरआय यंत्र विचार टिपत नाही, मेंदूतल्या रक्तातल्या प्राणवायूचा बदल टिपतं. तोही उशिरा : एखादं दृश्य बघितल्यावर हा बदल साधारण ५-६ सेकंदांनी शिगेला पोचतो. जाहिरातीत तोवर दृश्य बदलून गेलेलं असतं. त्याहून मोठी अडचण उलट्या तर्काची. २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एका विपणन सल्लागाराने लिहिलं, की फोनचा आवाज ऐकताच लोकांच्या मेंदूतला इन्सुला हा भाग उजळला, म्हणजे त्यांचं फोनवर प्रेम आहे. चाळीसहून अधिक मेंदूशास्त्रज्ञांनी पत्र लिहून हरकत घेतली : इन्सुला मेंदू-प्रतिमांच्या सुमारे एक-तृतीयांश अभ्यासांत उजळतो, वेदनेतही. दारात चप्पल दिसली म्हणून घरात अमुकच माणूस आहे असं ठरवण्यापैकी ते झालं. म्हणून ‘मेंदूचित्रण’ लिहा. चित्र आहे, मजकूर नाही.

‘मेंदूवाचन’ टाळायला पुणेकरांना आणखी एक कारण आहे. २००८ मध्ये इथल्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचा अहवाल पुराव्यात धरून निकाल दिला होता. त्यावर जगभर टीका झाली. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ प्रकरणात अशा चाचण्या संमतीशिवाय कुणावर लादता येणार नाहीत असं स्पष्ट केलं. ते आरोपींबद्दल होतं, गिऱ्हाइकांबद्दल नव्हे. फ्रान्सने २०११ च्या जैवनीती कायद्यात मेंदूचित्रण वैद्यकीय कारण, शास्त्रीय संशोधन आणि न्यायालयीन तपासणी एवढ्यापुरतंच मर्यादित केलं, त्यामुळे व्यापारासाठीचं चित्रण तिथे बाद झालं.

आता तुमची पाळत. ‘माग’ काढतात तेव्हा ज्याचा माग काढायचा त्याला ते ठाऊक असू शकतं. काकूंना होतं, त्यांनी सही केली होती. ‘पाळत’ मात्र ठेवलेल्या माणसाला कळू द्यायची नसते, चोर पाळतीवर असतो तो काही पाटी लावून नव्हे. वादही नेमका तिथेच आहे. दुकानाच्या शेल्फवरचा कॅमेरा गिऱ्हाइकाची मान कुठे वळली, किती वेळ थांबली हे न सांगता टिपत असेल, तर तिथे ‘माग’ हा फार सभ्य शब्द झाला. ‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात’ ही पाटी चोरीपुरती असते. त्याच कॅमेऱ्यातून आवडीनिवडी मोजल्या जातील हे ती सांगत नाही. तेव्हा लेखात एकच शब्द सगळीकडे वापरू नका. प्रयोगशाळेतल्या चाचणीला ‘नजरेचा माग’ लिहा, आणि न सांगता चालतं त्याला खुशाल ‘पाळत’ म्हणा. ‘नेत्र’ मात्र दोन्हीकडून काढा, नेत्रतपासणी शिबिराचा वास येतो.

जाता जाता : संमतीपत्राच्या मूळ इंग्रजीत ‘तुमच्या डोळ्यांच्या हालचालींची नोंद’ एवढंच होतं. मी मराठीत ‘आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष’ हे शब्द घालायला सुचवले. त्यांनी ते खोडले.