कर्जाचं नंतर बघू, आधी तो काटा वर घ्या

“आमचं अमेरिकेतलं घर जुनं आहे आणि ते तापवणारी तळघरातली गॅसची फर्नेस तेवढीच जुनी, तीस वर्षांच्या पुढची. नोव्हेंबरपासून विजेचं बिल महिन्याला चाळीसेक डॉलरनं वाढलंय. एका कंपनीचा विक्रेता म्हणाला, जुन्या ब्लोअरची, म्हणजे गरम हवा घरात ढकलणाऱ्या पंख्याची, मोटार वीज खाते. ९,००० डॉलरची नवी फर्नेस घ्या, १० टक्क्यांनी १० वर्षांचं कर्ज देतो, विजेच्या बचतीत ती फुकटात पडेल. हप्ता ११९ डॉलर. कर्ज घ्यावं, की अडीअडचणीसाठी ठेवलेल्या १४,००० मधून रोख द्यावे? जाता जाता सांगते, ऑक्टोबरात सर्व्हिसिंगला आलेल्या माणसानं ‘उरलेली ऊब वाया जायला नको’ म्हणून पंख्याचा एक काटा ९५ वरून ७० वर आणला. तेव्हापासून पंखा थांबलेला मला तरी आठवत नाही. थर्मोस्टॅट ७२ अंश फॅरनहाइटवर असतो, घर छान उबदार राहतं.”

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य तुम्ही ‘जाता जाता’ लिहिलंय.

जुन्या फर्नेसवर ती जी चौकोनी पेटी असते, तिला फॅन लिमिट कंट्रोल म्हणतात. झाकण काढलं की आत एक तबकडी आणि तिच्यावर तीन काटे दिसतात. पेटीमागची धातूची सळी गरम हवेच्या कप्प्यात, म्हणजे प्लेनममध्ये, शिरलेली असते आणि तिथल्या तापमानाप्रमाणे तबकडी फिरते. डावीकडचा काटा पंखा कधी थांबवायचा ते ठरवतो, मधला कधी सुरू करायचा ते, आणि उजवीकडचा लिमिटचा. हवा बेसुमार तापली, तर तो बर्नर बंद करतो. लिमिट बहुधा २०० अंश फॅरनहाइटच्या आसपास असतो. तो सुरक्षेचा काटा आहे, त्याला हात लावायचा नाही.

आता तुमच्या घराचं बघा. बर्नर विझल्यावर पंखा प्लेनममधली उरलेली ऊब घरात ढकलत राहतो आणि हवा निवत जाते. पण कुठपर्यंत निवेल? पंखा घरातलीच हवा ओढतो आणि ती ७२ अंशांची आहे. म्हणजे प्लेनम ७२ च्या फार खाली जाणारच नाही, आणि काटा वाट बघतोय ७० ची. ती वेळ येतच नाही. काटा ९५ वर असताना बर्नर विझल्यावर पंखा काही मिनिटं चालायचा आणि थांबायचा. उरलेली ऊब तेवढ्यात घरात येऊन जाते. त्यानंतर पंखा फक्त घरातली हवा घरातच फिरवतो. ऊब वाचवायला आलेल्या माणसानं तुमच्या खिशाला भोक पाडून ठेवलंय.

हे भोक केवढं? अर्धा अश्वशक्तीची जुन्या पद्धतीची मोटार साधारण ५०० वॅट घेते. चोवीस तास चालली तर दिवसाला १२ युनिट, महिन्याला ३६०. युनिटला १६ सेंट धरले तर ५८ डॉलर. थंडीत पंखा दिवसाचे आठेक तास तसाही चालला असता, ते सोडा. उरलेले सोळा तास जास्तीचे, म्हणजे २४० युनिट, ३८ डॉलर. तुमच्या बिलातले ‘चाळीसेक’ सापडले. मोटारची ऊब घरातच राहते हे खरं, पण विजेनं घर तापवणं गॅसपेक्षा बहुतेक ठिकाणी कितीतरी महाग पडतं. आणि उन्हाळ्यातही हे असंच चालू राहिलं, तर वर्षाला साडेपाचशे डॉलर सहज जातील.

म्हणून हप्त्याचा विचार करण्याआधी हे करा. पहिल्यांदा थर्मोस्टॅटवर पंख्याचं बटण ‘ऑटो’वर आहे ना, ते बघा. ‘ऑन’वर असेल तर वादच मिटला. मग फर्नेसवरच्या त्या पेटीवरचं छोटं पांढरं बटण. अनेक मॉडेलमध्ये ते आत दाबलं की पंखा सतत चालतो आणि बाहेर ओढलं की आपोआप. मग काटा. पेटीत घरगुती विजेचा पूर्ण दाब असतो, त्यामुळे आधी फर्नेसचा मेन स्विच बंद करायचा, आणि काटा सरकवताना तबकडी बोटानं धरून ठेवायची. तबकडीच पिळली गेली तर मागची सळी बिघडते आणि मग तिन्ही काटे खोटं बोलतात. हात थरथरणार असतील तर सरळ तंत्रज्ञाला बोलवा, पण ऑक्टोबरवाल्याला नको. काटा ९० ते १०० च्या मध्ये असू द्या.

काटा वर घेऊनही पंखा थांबला नाही, तर आतला संपर्क चिकटलाय. ती पेटी बदलावी लागेल, नऊ हजारांची फर्नेस नव्हे. पण झरोक्यांतून चांगलीच गरम हवा येतेय, बर्नर मध्येच बंद पडतोय आणि पंखा तरीही फिरतोय असं दिसलं, तर प्रकरण वेगळं. तिथे लिमिट काम करतोय. फिल्टर तुंबलाय का, झरोके कुणी बंद केलेत का, ते आधी बघा.

आता विक्रेत्याचं ‘फुकटात’. हप्ता ११९, दहा वर्षांत १४,२०० च्या वर, त्यातलं पाच हजारांहून जास्त निव्वळ व्याज. त्याची सगळी बचत खरी मानली तरी ती ४० डॉलर आणि हप्ता ११९, आणि त्या चाळीसवर तर काटा सरकवल्यावर त्याचा हक्कच राहत नाही. मग नव्या फर्नेसनं खरं काय वाचेल? जुनीची कार्यक्षमता सत्तर टक्के धरा, नवीची पंच्याण्णव, म्हणजे गॅसचं बिल साधारण पावभर कमी. वर्षाला ९०० डॉलरचा गॅस लागत असेल तर सव्वादोनशे. पंख्याचे वर चाळीस-पन्नास. सगळं मिळून पावणेतीनशे, आणि हप्ते वर्षाला १,४२८. असलं गणित मांडून कर्ज विकणाऱ्यांशी मी हल्ली वादसुद्धा घालत नाही.

एक गोष्ट त्याच्या बाजूनं. नव्या, कमी वीज खाणाऱ्या ईसीएम मोटारीवर सततचा पंखा खरोखर स्वस्त पडतो. कमी वेगावर १०० वॅट धरा, महिन्याला बारा डॉलर. वरच्या मजल्यावर गार आणि खाली गरम असा त्रास असेल, किंवा हवा सतत फिल्टरमधून जावी असं वाटत असेल, तर तेवढे द्यायला माझी हरकत नाही. मात्र उन्हाळ्यात एसी थांबल्यावर पंखा फिरत राहिला, तर कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा हवेत मिसळतं आणि घर दमट होतं. तेव्हा ‘ऑटो’च बरं. तुमच्या जुन्या मोटारीवर ही चैन मुळीच नको.

फर्नेस म्हातारी झालीय, हे मात्र मी नाकारत नाही. या महिन्यातच तिचा हीट एक्सचेंजर, म्हणजे जळालेला वायू घरातल्या हवेपासून वेगळा ठेवणारा भाग, तपासून घ्या आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर आजच लावा. एक्सचेंजरला तडा निघाला, तर थांबायचं नाही: तीन ठिकाणचे भाव घ्या आणि त्या १४,००० मधून रोख द्या, ते पैसे त्यासाठीच आहेत. तडा नसेल, तर हेच ११९ डॉलर दरमहा वेगळ्या बचत खात्यात टाका. तीन वर्षांत चार हजारांच्या वर जमतील आणि उरलेल्या रकमेसाठी तुम्हाला १० टक्क्यांच्या दारात जावं लागणार नाही.

काटा वर घेतल्यावर पुढच्या महिन्याच्या बिलातले युनिट या महिन्याच्या बिलाशी ताडून बघा. दोनशेच्या आसपास युनिट कमी झाले नाहीत, तर मला पुन्हा लिहा. आणि या वेळी महत्त्वाचं ते पहिल्या ओळीत लिहा.