सीसॅटसाठी रोज वेळ लावून सराव कसा करावा?

प्रश्न: एमपीएससी पूर्वच्या सीसॅटमध्ये वेळ पुरत नाही आणि घाईत चुका होतात. रोज एमसीक्यू सोडवताना वेळ कशी लावू?

पेपरमध्ये 120 मिनिटांत 80 प्रश्न असतात, म्हणून रोज 20 प्रश्नांना 30 मिनिटे लावा, ओएमआरचे गोळे भरण्यासकट. पहिल्या 20 मिनिटांत फक्त वाट लगेच दिसणारी गणितं आणि उतारे घ्या. अडलेलं उरलेल्या दहात.

प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री’, ‘दोनांत अडलो’ किंवा ‘अंदाज’ अशी खूण करा. तपासताना खरी माहिती इथेच मिळते. समजा 18 सोडवले, 11 बरोबर, 7 चूक: अडीच गुणांच्या प्रश्नाला चुकीमागे त्याचा पाव हिस्सा, म्हणजे 0.625 गुण कापून 23.125 उरतात. त्यातले पाच चुकलेले अंदाज सोडले असते, तर 26.25. ‘खात्री’वाले चुकत असतील, तर मात्र वेग वाढवू नका. आधी तो प्रकार घड्याळाशिवाय सोडवा.