नुसता स्क्रीनशॉट आला तर आधी त्यातली वेळ बघा

प्रश्न: माझी मावशी यूपीआय पेमेंट फेल झालं की नुसता स्क्रीनशॉट पाठवते, सोबत एक शब्द नाही. तिला कारण समजावून सांगू, तक्रारीचा मेसेज लिहून देऊ, की पैसे परत मिळवायची पद्धत सांगू?

बँकेत तक्रारी हाताळताना असे नुसते स्क्रीनशॉट माझ्याकडे सतत येतात. मी सगळ्यात आधी दोन वेळा ताडून पाहतो: व्यवहार झाला ती स्क्रीनशॉटमधली वेळ आणि तो मला पाठवला ती वेळ. दोन्हींत पाच-दहा मिनिटांचंच अंतर असेल, तर माणूस बहुधा अजून पैसे देण्याच्या जागीच उभा असतो. परत पैसे पाठवू का, एवढंच त्याला त्या क्षणी हवं असतं. तेव्हा तक्रारीचा मसुदा त्याच्या काही कामाचा नाही. चार-सहा दिवसांपूर्वीचा स्क्रीनशॉट आज आला असेल, तर ते पैसे अजून परत आलेले नाहीत असं समजा.

मात्र एक गोष्ट स्क्रीनशॉट सांगत नाही: खात्यातून पैसे गेले की नाही. त्यावर ॲपला मिळालेलं उत्तर दिसतं, बँकेची नोंद दिसत नाही. म्हणून मावशींना एकच प्रश्न विचारा, "खात्यातून पैसे कापलेत का? बँकेचा मेसेज किंवा पासबुक बघून सांग." तुमच्या तिन्ही पर्यायांतला कुठला निवडायचा, ते या उत्तरावर ठरतं.

पैसे कापलेच नसतील तर कारण सांगा आणि विषय संपवा. पिन चुकला, शिल्लक कमी होती, बँकेचा सर्व्हर बंद होता, यातलं जे असेल ते बहुतेक वेळा स्क्रीनवरच लिहिलेलं असतं. अशा वेळी परत पैसे पाठवायला हरकत नाही. पण स्क्रीनवर Failed ऐवजी Pending असेल तर थांबायला सांगा, कारण तो व्यवहार नंतर पूर्ण होऊ शकतो आणि मग दोनदा पैसे जातात.

पैसे कापले असतील तर तारीख मोजायची. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात याची मुदत ठरलेली आहे. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे समोरच्याच्या खात्यात पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. व्यापाऱ्याला दिलेल्या पैशांची खात्री त्याच्याकडे पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवस. मुदत उलटली की दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. समजा मावशींनी 3 तारखेला रात्री व्यापाऱ्याचा क्यूआर स्कॅन करून 2,400 रुपये दिले, ते कापले गेले आणि 4 तारखेला त्यांनी तुम्हाला स्क्रीनशॉट पाठवला. त्यांना एवढंच सांगा: "8 तारखेपर्यंत आपोआप परत येतील, तोवर काही करू नकोस." हेच पैसे त्यांनी भाचीला पाठवले असते तर मुदत 4 तारखेलाच संपली असती. मात्र अशा वेळी भाचीला तिचं खातं तपासायला सांगाच. पाठवणाऱ्याला फेल दिसलेले पैसे पलीकडे जमा झालेले मी पाहिले आहेत.

8 तारीख उलटून गेली तर मात्र तक्रारीचा मेसेज खरोखर हवा असतो, आणि तो तुम्हीच लिहून द्या. पद्धत समजावण्यापेक्षा कॉपी करता येईल असा मजकूर त्यांच्या जास्त उपयोगाचा:

"3 तारखेला रात्री 8.40 वाजता यूपीआयने 2,400 रुपये व्यापाऱ्याला पाठवले. व्यवहार फेल दाखवला, पण माझ्या खात्यातून (शेवटचे चार अंक ....) रक्कम कापली गेली आणि अजून परत आलेली नाही. व्यवहार क्रमांक (यूटीआर): ............ कृपया रक्कम आणि 9 तारखेपासूनची भरपाई जमा करावी."

यूटीआर बारा अंकी असतो. बरेचदा स्क्रीनशॉट वरच्या भागाचाच काढलेला असतो आणि हा क्रमांक खाली राहून जातो, तेव्हा व्यवहार उघडून खालपर्यंतचं चित्र मागवून घ्या. तक्रार आधी ॲपमध्ये त्याच व्यवहाराच्या मदत विभागात टाकायची, तिथे काही झालं नाही तर बँकेकडे. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं.

एक गोष्ट मात्र पहिल्या उत्तरातच लिहा, मग स्क्रीनशॉट कसाही असो. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नकोस, कारण तिथे फसवणाऱ्यांचे नंबर टाकलेले असतात. रिफंडसाठी कोणी पिन टाकायला सांगितला तर फोन ठेव. यूपीआयमध्ये पैसे घेताना पिन लागतच नाही. पैसे अडकल्यामुळे माणूस घाबरलेला असतो, आणि आमच्याकडे आलेल्या मोठ्या नुकसानीच्या कितीतरी तक्रारी अशाच एखाद्या छोट्या फेल पेमेंटनंतर केलेल्या फोनपासून सुरू झालेल्या होत्या.