संध्याकाळची भूक आणि घ्रेलिन

वजन उतरवण्यासाठी गरजेपेक्षा रोज ७०० कॅलरी कमी खाताना सतत भूक लागते आणि ही मनाची दुर्बलता आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. आहार कमी करताच काही दिवसांत चरबीपेशींतून येणारे, भूक दाबणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते आणि जठरातून स्रवणारे, भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते, त्यामुळे तुमची सततची भूक ही मनाची दुर्बलता मुळीच नाही. घ्रेलिन नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी चढते व खाल्ले नाही तरी काही वेळाने उतरते, म्हणून जेवणाच्या वेळा रोज बदलू नका. संध्याकाळी सहाला भूक असह्य होत असेल, तर दुपारच्या तीन पोळ्यांपैकी एक वगळून तेवढ्याच कॅलरींची, कमी तेलातली मटकीची उसळ त्या वेळी काकडीसोबत सावकाश चावून खा; तिच्यातील प्रथिने व तंतू पोट अधिक काळ भरलेले ठेवतात. तरीही भुकेने झोपमोड होत असेल, तर रोजची तूट ७०० कॅलरींवरून ४०० वर आणा. वजन सावकाश उतरले तरी चालेल.