स्पॅनिश ओळ मराठीत आणताना लय कशी टिकवायची?

"स्पॅनिश कविता मराठीत करतेय. अर्थ येतो, पण लय पार जाते. काय करू?"

आधी मूळ ओळ कानाने मोजा. आंतोनियो माचादोंची 'कामिनान्ते, नो आय कामिनो' लिहिताना नऊ उच्चारखंडांची वाटते, पण 'नो आय' एका दमात उच्चारतात, म्हणून आठच. आपल्याकडे अष्टाक्षरी तयारच आहे!

मी आधी 'प्रवासी रे, मार्ग नाही' केलं. अक्षरं आठ भरली, पण 'कामिनान्ते' आणि 'कामिनो' हे एकाच मुळातले शब्द, ते नातं तुटलं. दादर ते ठाणे लोकलमध्ये पुटपुटत बसले, तेव्हा सुचलं:

वाटसरू, वाट नाही
वाट होते चालताना

मूळ दुसरी ओळही 'चालणं' यावरच थांबते, म्हणून 'चालताना' शेवटी हवं. मात्र 'वाट'मधला 'ट' पूर्ण उच्चारा, नाहीतर एक अक्षर कमी पडतं.