तिरकी रेषा आणि २८.६ टक्क्यांचा घोळ

प्रश्न: एकाण्विक आदर्श वायूचं त्रिकोणी चक्र आहे. A (१ लिटर, ३०० किलोपास्कल) पासून B (३ लिटर, १०० किलोपास्कल) पर्यंत सरळ रेषा, मग स्थिर दाबाने C (१ लिटर, १०० किलोपास्कल), मग स्थिर आकारमानाने परत A. कार्य २०० जूल बरोबर येतं, पण कार्यक्षमता २८.६% येते. पुस्तकात २६.७% आहे. कुठे चुकतंय?

तुमची चूक AB वर आहे. A आणि B दोन्हीकडे PV ३०० जूलच आहे, म्हणजे तापमान सारखं, अंतर्गत ऊर्जेत फरक शून्य. म्हणून तुम्ही त्या रेषेखालचं क्षेत्रफळ, ४०० जूल, हीच आत आलेली उष्णता धरली असणार. CA वर ३०० जूल येतात, एकूण ७००, आणि २००/७०० म्हणजे २८.६%.

पण ४०० ही AB वरची निव्वळ उष्णता आहे. रेषेच्या सुरुवातीला वायू उष्णता घेतो आणि शेवटी थोडी बाहेर टाकतो. कार्यक्षमतेच्या छेदात फक्त घेतलेली उष्णता लागते, त्यामुळे ही वजाबाकी तिथे चालत नाही.

रेषेचं समीकरण मांडा (V लिटरमध्ये, P किलोपास्कलमध्ये, गुणाकार थेट जूलमध्ये येतो):

P = 400 − 100V
U = 1.5PV = 600V − 150V²
dQ = dU + P dV = (1000 − 400V) dV

२.५ लिटरला कंस शून्य होतो. १ ते २.५ पर्यंत समाकलन केलं की +४५० जूल, २.५ ते ३ पर्यंत −५० जूल. आता घेतलेली उष्णता ४५० + ३०० = ७५०, आणि २००/७५० = २६.७%.

मीही हे एकदा चुकलो होतो, आणि ताळा करूनही ते कळलं नव्हतं. BC वर ५०० जूल बाहेर जातात; ७०० − ५०० = २०० आणि ७५० − ५५० = २००, दोन्ही हिशेब जुळतात! ऊर्जेचा ताळा इथे काहीच पकडत नाही.

गंमत म्हणजे तापमान २ लिटरलाच कमाल होतं. तिथून २.५ पर्यंत वायू उष्णता घेत असूनही थंड होत जातो, कारण तो करत असलेलं कार्य आत येणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त असतं. म्हणून तापमान उतरायला लागलं की उष्णता बाहेर चालली, असं धरू नका.

समाकलनाआधी रेषेची दोन्ही टोकं तपासा. त्या बिंदूतून जाणाऱ्या ॲडिआबॅटिक वक्राचा उतार γP/V इतका असतो (चिन्ह सोडून). A ला तो ५००, B ला सुमारे ५६; आपल्या रेषेचा उतार सगळीकडे १००. प्रसरण होताना रेषा वक्रापेक्षा कमी तीव्र असेल तर उष्णता आत, जास्त तीव्र असेल तर बाहेर. इथे दोन टोकांना उत्तर वेगळं येतं, म्हणजे मधे कुठेतरी चिन्ह बदलतं आणि रेषेचे दोन तुकडे करावेच लागतात. BC आणि CA वर ही कटकट नाही, तिथे चिन्ह एकच राहतं.